चार ओळींची चिठ्ठी

ड्रायव्हिंग स्कूलच्या त्या मास्तरांना थोडक्यात बोलणं कधी जमलंच नाही. गाडी डावीकडे घ्यायची असली तरी ते आधी उजवीकडे का घ्यायची नाही ते सांगत. तोवर वळण मागे पडायचं. त्यांची बायको नर्स. ती म्हणायची, यांना वेळ विचारली तर घड्याळ कुठून घेतलं तेही ऐकावं लागतं.

शनिवारी त्यांच्या घरात भांडण झालं. मास्तरांचे वडील कोणाकडे राहणार यावरून मास्तर आणि त्यांचा धाकटा भाऊ एकमेकांवर गुरगुरले. वडिलांना दोघांचाही राग आला. ते उशी काखोटीला मारून धाकट्याच्या गाडीत जाऊन बसले आणि गेले. मास्तरांची नऊ वर्षांची मुलगी, तिला सगळे खारुताई म्हणत, हे दाराआडून बघत होती. तेव्हापासून तिचं रडणं थांबेना. घास घशाखाली उतरेना. रविवारी डॉक्टरांनी तपासून सांगितलं की अंगात काही नाही, मनाला लागलंय. दोन-तीन दिवस घरीच राहू द्या, जवळ बसा, मग शाळेत पाठवा. तरीही जेवली नाही तर घेऊन या.

सोमवारी बायकोने दुपारची पाळी घेतली आणि सकाळी मुलीजवळ राहिली. वर्गशिक्षिकेला कळवायचं काम मास्तरांकडे आलं. शाळा अकराची. सकाळी सातलाच त्यांनी फोनवर लिहायला घेतलं. आजोबा, धाकटा भाऊ, भावाची बायको, तिचं माहेर असं करत मजकूर लग्नाच्या बैठकीपर्यंत पोचला. बायकोने वाचलं आणि विचारलं, "बाईंनी हजेरी मांडायची की निवाडा करायचा?"

मास्तरांनी सगळं पुसलं आणि लिहिलं, ताप आहे. अंथरुणातून खारुताई म्हणाली, "बाबा, मला ताप नाहीये. तीन दिवस ताप म्हटलं की बाई डॉक्टरांचं सर्टिफिकेट मागतात." मास्तरांनी तेही पुसलं.

आठच्या शिकवणीला एक निवृत्त हेडक्लार्क बाई होत्या. गाडी रिकाम्या मैदानात गोल फिरत होती, म्हणून मास्तरांनी तेवढ्यात वर्गशिक्षिकेसाठी फोनवर बोलूनच निरोप रेकॉर्ड करायला घेतला. थांबून ऐकला तर त्यात असं होतं: "माझी मुलगी फार हळवी आहे, क्लच, क्लच दाबा, तिच्या आजोबांनी, अहो खांब, खांब!"

हेडक्लार्क बाईंनी गाडी बंद केली. "तीस वर्षं मी लोकांच्या रजेचे अर्ज बघितले," त्या म्हणाल्या. "ज्याचं कारण दोन पानांचं, त्याची तारीख हमखास राहिलेली असायची. तुमच्या निरोपात तारीख आहे का?"

नव्हती.

मग त्यांनी शांतपणे विचारलं की हे वाचून शिक्षिकेने नेमकं काय करायचंय. मास्तर विचार करत एकेक सांगू लागले. गैरहजेरी मांडायची. अभ्यास पाठवायचा. पोरगी परत आली की तिला सांभाळून घ्यायचं. हेडक्लार्क बाई म्हणाल्या, "मग त्याला लागेल तेवढंच लिहा. आणि मुलीला दाखवल्याशिवाय पाठवू नका. गोष्ट तिची आहे."

घरी येऊन मास्तरांनी लिहिलं आणि खारुताईला वाचून दाखवलं. तिने 'हळवी' हा शब्द काढायला लावला. मग उशीत तोंड घालून म्हणाली, "सगळ्यांसमोर विचारू नका असं सांगा." वर मुलीचं नाव, इयत्ता आणि तुकडी घालून शेवटी निरोप असा गेला:

"नमस्कार बाई. ती आज सोमवारपासून बुधवारपर्यंत शाळेत येणार नाही. घरातल्या एका गोष्टीमुळे तिच्या मनाला लागलं आहे. तब्येत बरी आहे आणि आम्ही तिच्याजवळ आहोत. गुरुवारी येईल, बदल झाल्यास बुधवारी कळवतो. जमेल तसा अभ्यास पाठवावा, आणि आल्यावर वर्गात कारण विचारू नये ही विनंती."

पाठवायच्या आधी बायकोने फोन हातातून घेतला आणि निरोप पालकांच्या ग्रुपवर नव्हे, बाईंच्या नंबरवर जातोय ना ते दोनदा पाहिलं. बरंच केलं. मास्तरांनी ग्रुपच उघडला होता.

दहा मिनिटांत उत्तर आलं. बाईंनी लिहिलं होतं की कळवलंत ते बरं केलंत, अभ्यासाची घाई नाही, येताना रजेची चिठ्ठी वहीत द्या, आणि वाटलं तर शाळेच्या समुपदेशक बाईंशी बोलता येईल. काय झालं, हे विचारलंच नव्हतं. मास्तर जरा हिरमुसलेच.

मंगळवारी आजोबांचा फोन आला. धाकट्याकडचा पंखा आवाज करतो, अशी तक्रार त्यांनी नातीला पाऊण तास ऐकवली. फोन ठेवून ती जेवायला बसली. येत्या रविवारी सगळ्यांनी त्यांच्याकडे जायचं ठरलं.

गुरुवारी मास्तर तिला फाटकापर्यंत सोडायला गेले. बाईंनी तिचं दप्तर नीट केलं आणि तिला आत पाठवलं. मास्तरांनी घसा खाकरला. "त्याचं असं झालं बाई, माझे वडील..."

"आज कशी आहे ती?" बाईंनी विचारलं.

"बरी आहे," मास्तर म्हणाले, आणि उरलेली गोष्ट मोठ्या कष्टाने पोटात ठेवून गाडीत जाऊन बसले.