ओठावरची रेघ आणि चंद्रावरचं लेकरू

आदिलाबादच्या बस स्टँडामागे माझं पत्रिका छापायचं दुकान आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक लॅमिनेशनचं मशीन आणि मी. पूर्वी मी मराठी आणि तेलुगू दोन्ही अक्षरं जुळवायची म्हणून लोक यायचे. आता ते मोबाईलवर कुणाची तरी पत्रिका दाखवतात आणि म्हणतात, अशीच करून द्या. गेली दोन वर्षं वाढदिवसाच्या पत्रिकांमध्ये लेकरं समुद्राच्या तळाशी असतात, जंगलात वाघाच्या पाठीवर असतात, नाहीतर चंद्रावर असतात. फोटो एआयला द्यायचा, काय हवं ते शब्दांत लिहायचं आणि वाट पाहायची. त्या लिहिण्यालाच प्रॉम्प्ट म्हणतात. मी मराठीतच लिहिते, त्याला कळतं.

ते दिवस लग्नसराईचे होते. मान इतकी दुखायची की डावीकडे कोण उभं आहे ते पाहायला मी खुर्चीसकट वळायची. अशात तामसीहून एका बाईचा मेसेज आला. मुलाचा दुसरा वाढदिवस होता आणि पत्रिका अंतराळाची हवी होती. पोराला चांदोबा फार आवडतो, असं तिनं लिहिलं होतं. सोबत फोटो होता. या मोबाईलवरून त्या मोबाईलवर फिरून आलेला, बारका, जरा धूसर. मूळ फोटो मागवायला हवा होता. मी मागवला नाही.

नवीन प्रॉम्प्ट लिहायचाही कंटाळा आला. आधीच्या एका गिऱ्हाइकाचा पडून होता, तोच चिकटवला. ‘फोटोतल्या लहान मुलाला छोटा अंतराळवीर दाखव. पांढरा पोशाख, हेल्मेटची काच उघडी, चेहरा पूर्ण दिसावा. मागे लाल रॉकेट, हसरा चंद्र, शनी, खेळकर रंग. चेहरा नितळ आणि गोंडस. वरचा तिसरा हिस्सा मजकुरासाठी मोकळा. कुठलंही अक्षर लिहू नको. उभं चित्र.’ अक्षरांचं वाक्य मी नेहमी घालते, कारण एआयनं काढलेली मराठी वाचवत नाही. मजकूर मी नंतर माझ्या हातानं टाकते, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला तेलुगू.

चित्र पहिल्याच फेरीत छान आलं. मी त्यावर नाव, तारीख, वेळ टाकली आणि पाठवून दिलं. पाच मिनिटांत बाईच्या नणंदेचा फोन आला. पत्रिका पाठवायला बाईनं तिचाही नंबर दिला होता. ती खूष होती. ‘लय मस्त झालं ताई,’ म्हणाली, ‘हेच छापा.’

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाई स्वतः आली, कडेवर मुलगा घेऊन. तिशीच्या आतली, सरकारी शाळेत शिकवणारी. बसच्या धुळीनं दोघांचे केस राखी झाले होते. तिनं मोबाईल माझ्यापुढे धरला.

‘ताई, हे कोणाचं लेकरू हाय?’

मला वाटलं चुकून दुसऱ्याची पत्रिका गेली. मग मी मुलाकडे पाहिलं. त्याच्या वरच्या ओठावर, डाव्या बाजूला, नाकापर्यंत गेलेली एक बारीक पांढुरकी रेघ होती. ओठ तिथं किंचित वर ओढलेला. जन्मतः दुभंगलेला ओठ शिवल्याची खूण. पत्रिकेवरच्या मुलाचा ओठ सरळ आणि गुलाबी होता. नाकही थोडं बदललं होतं. तो मुलगा दुसराच कुणी होता.

मी चूक कबूल करायला हवी होती. पण थकलेलं माणूस आधी स्वतःची बाजू घेतं. मी म्हणाले, ‘बहुतेक लोकांना असंच पाहिजे असते, वहिनी. डाग नको, रंग उजळ करा म्हणतात. तुमच्या नणंदेला तर आवडलं.’

‘तिला आवडनच,’ ती म्हणाली. ‘पह्यल्या वाढदिवसालेबी तिनं पोराच्या तोंडापुढं फुगा धरून फोटो काढला होता.’

ती स्टुलावर बसली. रागावलेली नव्हती, दमलेली होती, माझ्यासारखीच. हळूहळू बोलत गेली. जन्मला तेव्हा त्याला दूध ओढता येत नव्हतं. ती दूध काढून वाटी-चमच्यानं पाजायची, एकेका पाजण्याला तास लागायचा. पाच महिन्यांचा झाल्यावर नागपूरला ऑपरेशन झालं.

‘टाके निघाले तवा मी त्या रेघेले रोज तेल लावून चोळत होती, डॉक्टरनं सांगितलं तसं,’ ती म्हणाली. ‘मायं बोट तिथंच जाते अजून. तुमी तेच पुसून टाकलं.’

मी जुना प्रॉम्प्ट उघडला आणि ‘नितळ आणि गोंडस’ हे शब्द तिला दाखवले. ‘हे माझ्यामुळे झालं,’ म्हणाले. ‘दुसऱ्याचं लिहिलेलं तसंच टाकलं मी.’

तिनं ते वाचलं, मान हलवली आणि विचारलं, ‘आता काय लिहसान?’

ते शब्द काढून मी लिहिलं, ‘चेहरा फोटोतल्यासारखाच ठेव, काहीही बदलू नको. वरच्या ओठावर डाव्या बाजूला टाक्यांची बारीक रेघ आहे, ती तशीच राहू दे.’ चित्र आलं. रेघ उजवीकडे गेली होती, आणि ताज्या जखमेसारखी लाल. तिनं नजर दुसरीकडे वळवली. पुन्हा केलं. या वेळी रेघ बरोबर जागी, पण डोळे कुणा भलत्याच मुलाचे. अजून दोनदा केलं. दर वेळी तो थोडा थोडा परका होऊन येत होता.

‘एआयला तुमचा मुलगा माहीत नाही,’ मी म्हणाले. ‘तो आपला अंदाज बांधून राह्यला. चेहरा आपण त्याच्या हाती देऊच नये.’

मग मी त्याच्याकडून फक्त बाकीचं मागून घेतलं. रॉकेट, चंद्र, शनी, तारे, आणि समोरून दिसणारा एक छोटा पोशाख, ज्याच्या उघड्या हेल्मेटमध्ये काहीच नाही. मुलाचा नवीन फोटो दुकानाच्या दारात काढला, तिथं उजेड सारखा पडतो. तो सरळ बघेना. त्याला माझा स्टेपलर हवा होता. शेवटी स्टेपलर मी मोबाईलच्या वर धरला तेव्हा त्यानं तोंड उघडून पाहिलं. तेवढा चेहरा मी कापून घेतला, हेल्मेटच्या मापाचा केला, कडा मऊ केल्या, चित्रातल्या उजेडाप्रमाणे गालावर थोडी निळी झाक दिली. ओठाला हात लावला नाही. कामाला पाऊण तास गेला. तोवर मुलगा तिच्या मांडीवर झोपला.

पडद्यावरचं चित्र तिनं बराच वेळ पाहिलं. एकदा बोटानं पडद्यावर त्या रेघेला शिवली. ‘हा,’ एवढंच म्हणाली.

तेवढ्यात नणंदेचा फोन आला. तिनं जुनी पत्रिका नातेवाइकांच्या ग्रुपवर कधीच टाकली होती, भैंसा-नार्नूरपर्यंत गेली होती, आता दुसरी कशाला म्हणून विचारत होती. बाई ऐकत राहिली. मग म्हणाली, ‘तुमी टाकली ते राहू द्या. मी मायी टाकतो.’ आणि फोन ठेवला.

मी म्हणाले, ‘लोक विचारतील, दोन पत्रिका काऊन?’

‘विचारू द्या. जे येतीन ते पोरालेच पाह्यतीन ना.’

छापलेल्या पत्रिका तिनं पिशवीत नीट ठेवल्या, झोपलेल्या मुलाला खांद्यावर घेतलं आणि तामसीच्या बससाठी निघाली. मला वाढदिवसाला यायचं आमंत्रण दिलं होतं. मी गेले नाही, त्या दिवशी मान वळतच नव्हती. तिनं फोटो पाठवला: दारावर पत्रिका लावलेली आणि तिच्याखाली तो, तोंडाला केक फासलेला. ओठ दिसतच नव्हता.

तो जुना प्रॉम्प्ट मी अजून पुसलेला नाही. तसाच नितळ चेहरा मागणारी माणसं येत असतात. पण आता चिकटवण्याआधी मी फोटो मोठा करून एकदा नीट बघते. त्यानं काम लांबतं, आणि घरी जायला उशीर होतो.