सेहेचाळीस फोटो, एकच तळं

वजनकाटे बनवणाऱ्या त्या कारखान्यात सगळे त्यांना मास्तर म्हणत. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. काटा कसा लावायचा, कसा तपासायचा, बिघडला तर काय करायचं, हे सांगणारी पुस्तिका ते लिहीत, आणि हे काम सत्तावीस वर्षं चाललं होतं. त्यांचा एक हट्ट होता: जी पायरी स्वतः करून पाहिली नाही ती लिहायची नाही. त्यामुळे त्यांच्या पुस्तिकांना उशीर व्हायचा, वरचे साहेब कुरकुरायचे, पण गिऱ्हाइकाचा फोन मात्र क्वचितच यायचा.

त्या मंगळवारी ते दोनशे किलोच्या नव्या काट्यापाशी बसले होते. हा काटा तपासायचा प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये उघडे. मास्तरांनी आपला मॅक कॉम्प्युटर तपासणी विभागात आणून ठेवला होता. प्रत्येक पायरीला पडद्यावर काय दिसतं त्याचा फोटो पुस्तिकेत हवा होता. त्यासाठी ऑफिसने महिन्यापूर्वी एक नवं टूल विकत घेतलं होतं. एक बटण दाबलं की पडद्याचा फोटो निघायचा, त्याला आपोआप नंबर पडायचा आणि तो गुपचूप एका फोल्डरमध्ये जाऊन बसायचा. ‘टिक्’ असा आवाज यायचा, बस.

वजनं उचलायला तपासणीच्या ताई होत्या. वीस-वीस किलोची दहा लोखंडी वजनं. एक ठेवायचं, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं, मास्तरांनी टिक् करायचं, मग दुसरं. दहा चढवली, मग एकेक करून दहा उतरवली. त्यानंतर चारही कोपऱ्यांवर आळीपाळीने वजन ठेवून आकडे पाहिले. ताईंची कंबर मुळात दुखरी. साडेनऊला सुरू झालेलं काम साडेबाराला संपलं, तेव्हा त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. मग त्यांनी काट्याला सील लावलं, कागदावर सही केली आणि जेवायला गेल्या.

जेवणानंतर मास्तरांनी आपल्या टेबलावर फोल्डर उघडला. सेहेचाळीस फोटो होते. पहिल्यात निळं तळं, पलीकडे डोंगर. दुसऱ्यात तळं. सतराव्यात तळं. हा त्यांच्या मॅकचाच वॉलपेपर होता. ब्राउझरची खिडकी, आकडे, हिरवं बटण, कशाचा मागमूस नव्हता. वरच्या पट्टीतलं घड्याळ तेवढं प्रत्येक फोटोत पुढे सरकलेलं: नऊ एकेचाळीस, दहा तीन, अकरा अठ्ठावीस. म्हणजे फोटो त्याच वेळी, तिथेच निघाले होते. फक्त जे हवं ते सोडून बाकी सगळं त्यांत होतं.

मास्तरांनी मॅक बंद करून चालू केला. तळं. टूल काढून पुन्हा टाकलं. तळं. वॉलपेपर बदलून पाहिला, तर तळ्याच्या जागी वाळवंट आलं. त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. टूलवाल्या कंपनीला त्यांनी ईमेल केला, तर लगेच उत्तर आलं की तीन कामकाजाच्या दिवसांत संपर्क करू. कॉम्प्युटर विभागाला फोन केला, तर पलीकडचा म्हणाला, आमच्या मशीनवर तर व्यवस्थित चालतंय. मास्तर म्हणाले, तुमच्या मशीनवर चालून मला काय उपयोग?

शेवटी त्या विभागातली एक मुलगी वर आली. वयाने त्यांच्या धाकट्या लेकीएवढी. तिने दोन-तीन फोटो पाहिले आणि विचारलं, “काका, हे टूल पहिल्यांदा वापरलंत तेव्हा एक चौकट आली होती का? हे अ‍ॅप स्क्रीन रेकॉर्ड करू पाहतंय, अशी?”

मास्तरांना आठवलं. आली होती. “मी ‘नको’ म्हटलं. मला रेकॉर्डिंग कुठे करायचं होतं? मला फोटो काढायचे होते.”

“मॅकच्या लेखी दोन्ही एकच. दुसऱ्यांच्या खिडक्या बघायच्या असतील तर बाहेरच्या अ‍ॅपला ती परवानगी लागते. नसेल तर त्याला नुसता वॉलपेपर दिसतो.”

तिने सिस्टिम सेटिंग्ज उघडलं, प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये गेली आणि स्क्रीन रेकॉर्डिंगची यादी काढली. टूलचं नाव तिथे होतं, शेजारचं बटण बंद. ते चालू करायला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागला. तो मास्तरांकडे नव्हताच. तिने आपला घातला. मग टूल पूर्ण बंद करून पुन्हा उघडायला सांगितलं, कारण तोवर परवानगी लागू होत नाही. मास्तरांनी बटण दाबलं. टिक्. फोटोत ब्राउझर होता, आकडे होते, सगळं होतं.

जाता जाता ती म्हणाली की घाईत मॅकचा स्वतःचा शॉर्टकट वापरायचा, शिफ्ट, कमांड आणि चार. त्याला ही परवानगी लागत नाही. हे ऐकून मास्तरांना बरं वाटायच्या ऐवजी आणखीच चीड आली.

“अगं, पण या टूलने सांगायला नको का? दिसत नाही तर ‘दिसत नाही’ म्हणावं. आमच्या काट्याचा सेन्सर तुटला तर पडद्यावर लाल अक्षरं येतात. खोटा आकडा दाखवला तर आम्हाला कोणी दारात उभं करेल का?”

ती म्हणाली, तुमचं खरं आहे काका, आणि निघून गेली. आपणच ‘नको’ दाबलं होतं आणि सकाळचा पहिला फोटो उघडून पाहायचंही आपल्याला सुचलं नव्हतं, हे मास्तरांना कळत होतं. त्यामुळे राग धड टूलवरही काढता येईना.

खरी परीक्षा पुढेच होती. ताईंना सांगायचं कसं? ते खाली गेले आणि आडवळण न घेता सांगून टाकलं. ताईंनी फोटो पाहिले.

“एकही नाही?”

“एकही नाही.”

सील तोडणार नाही, हे ताईंनी आधीच बजावलं. तोडलं की नवे कागद, नवी तारीख, आणि काटा नि पुस्तिका न्यायला गाडी तर सकाळी आठला. पण त्याच जातीचा दुसरा काटा उद्याच्या तपासणीसाठी उभा होता. तो आज घेता आला असता. “पाचला माझी बस आहे,” त्या म्हणाल्या. “आणि वजनं तुम्ही उचलायची, मास्तर. माझी कंबर सकाळी खर्ची पडली.”

तीनला सुरुवात झाली. ताई खुर्चीवर बसून बटण दाबू लागल्या आणि प्रत्येक फोटो उघडून पाहू लागल्या. त्याशिवाय पुढचं वजन चढू देईनात. मास्तरांनी आयुष्यभर “वजन हळूच ठेवावे” असं लिहिलं होतं. वीस किलो हळूच ठेवणं म्हणजे काय, ते पाचव्या वजनाला त्यांना समजलं. आठवं जरा जोरात टेकलं, आकडा स्थिर होईना आणि ताईंनी ते पुन्हा ठेवायला लावलं. चढवणं झालं, उतरवणंही झालं. कोपरे राहिले, आणि तपासणीचं माणूस नसताना काट्याला हात लावायची मुभा नव्हती. पाचला सात मिनिटं कमी असताना ताईंनी पदर खोचला, पिशवी उचलली आणि “फोटो चांगले आलेत,” असं म्हणून त्या गेल्या.

पुस्तिका रातोरात छापून सकाळच्या गाडीने काट्याबरोबर गेली. कोपऱ्यांच्या चार पायऱ्यांना फोटो नव्हते, नुसता मजकूर. साहेब म्हणाले, कोणाच्या लक्षातही येणार नाही. ऑफिसात राहिलेली छापील प्रत मास्तरांनी एकदाच उघडली, ते पान पाहिलं आणि कपाटात उलटी ठेवून दिली. दंड पुढे चार दिवस दुखत होते.