एकाच जागची जखम

सणसरला गुऱ्हाळं लागली की मी गुळव्या म्हणून कामाला जायचो. काहिलीत, त्या भल्यामोठ्या कढईत, उकळणारा पाक कधी उतरवायचा, ते गुळव्यानं ठरवायचं. मी पाकाचा थेंब पाण्यात टाकून त्याची गोळी होते का बघायचो. खोड अशी की ती गोळी गरम असतानाच जिभेवर ठेवायचो. जीभ भाजायची आणि आठवड्याभरात बरीही व्हायची. त्याचं कुणाला काही वाटत नसे.

त्या हंगामात जिभेच्या डाव्या कडेला जखम झाली. भाजलं असेल, म्हटलं. पुढच्या आठवड्यातही ती होतीच, तेव्हा पुन्हा भाजलं असेल, म्हटलं. दर वेळी मी तिला नवी समजत गेलो. जागा तीच आहे, हे महिना उलटला तरी या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

एकदा रसाचा तांब्या सगळ्यांत फिरत होता. माझ्यापाशी आला तसा मळेवाल्यानं तो मधेच काढून घेतला.

"ऱ्हाऊ द्या. तुमचं तोंड काय ठीक दिसत न्हाय."

सगळे माना खाली घालून बसले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. हंगामभर मी गुऱ्हाळावरच झोपायचो, बाजाराला बारामतीला जायचो. लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. बाहेरच्या बाईकडून लागणारा रोग, आणखी काय! मी तसल्या कुणाच्या उंबऱ्यावर पाय ठेवला नव्हता. तरी चोरासारखा तोंड लपवत फिरू लागलो. घरी आईनं माझा तांब्या वेगळा काढून कोनाड्यात ठेवला. बोलली काही नाही. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

त्यातच बायकोचं तोंड आलं. ती बावड्याची. लग्नाआधीपासूनच तिला अधूनमधून हा त्रास. जागरण झालं, जेवणाची आबाळ झाली किंवा बाहेर बसायचे दिवस जवळ आले की ओठांच्या आत बारीक फोड उठायचे. चार दिवस भाकरीचा घास जाईना. जाईचा पाला चावत बसायची, आणि आठ-दहा दिवसांत सगळं साफ. घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं. पण त्या खेपेला आई कपाळावर हात मारून म्हणाली, "ह्यानं तिला बी दिलं गं! सूनबाईला म्हायेरी धाडते. हितं तिचे हाल नगं."

तशा तोंडानं ती बावड्याला गेली असती, तर परत नांदायला येणं अवघड होतं. बायको कधी सासूपुढं बोलायची नाही. त्या दिवशी बोलली.

"आदी डाक्टरला दावू. मग कुठं धाडायचं ते धाडा."

बैलगाडीनं बारामतीला गेलो. वाटेत मी तिच्याकडं बघितलं नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी तिला पदर बाजूला घ्यायला सांगितला. परक्या पुरुषापुढं आ करताना तिचे कान लाल झाले. माझ्यापायी हे सोसते आहे, या विचारानं मी भिंतीकडं तोंड केलं.

"हे नेहमीचं तोंड येणं," डॉक्टर म्हणाले. "लहान, उथळ, चार ठिकाणी. झोंबतं फार, पण आपोआप बरं होतं. एकाचं दुसऱ्याला लागत नाही. तिखट कमी करा, पोटभर जेवा, झोप घ्या."

मग माझी पाळी. त्यांनी जखमेच्या कडा बोटानं चाचपल्या, जबड्याखाली गाठ आहे का पाहिलं, तंबाखू कुठल्या गालात धरतोस विचारलं. "दोन-तीन आठवड्यांत न भरणारी, एकाच जागची जखम अंगावर काढायची नसते. दुखत नसली तरीसुद्धा." मग त्यांनी डावी दाढ बोटानं दाखवली. तिचा टवका उडाला होता आणि ती धार रोज जिभेला घासत होती. "दाढ काढतो. तंबाखू बंद. दोन आठवड्यांत भरली नाही तर पुण्याला जाऊन तुकडा काढून तपासावा लागेल. मग हयगय नको."

ते दोन आठवडे मी जीव मुठीत धरून काढले. जखम भरली. आईनं तांब्या कोनाड्यातून काढला, चिंचेनं घासला आणि सगळ्यांच्या भांड्यांत ठेवून दिला. बायको माहेरी गेली नाही. झालं, मिटलं, असं मी धरून चाललो.

पुढं कांदे काढायच्या दिवसांत एकदा घरी आलो, तर कोनाड्यात पुन्हा तांब्या. या वेळी बायकोचा. तिचं तोंड आलं होतं.

"कुणी ठेवला?" मी आवाज चढवला.

"मीच," ती ओठ न हलवता म्हणाली. "कुणी ठेवायच्या आदी आपणच ठेवलेला बरा."

मी तो तांब्या उचलला आणि आईसमोर तोंडाला लावला. मला वाटलं, बायको हसेल. ती पदर तोंडावर ओढून चुलीकडं वळली.