साहेबांचं ॲसिड

आमच्या प्रयोगशाळेचे साहेब ॲसेटिक ॲसिडची बाटली उघडू देत नसत. त्या आंबट वासाने त्यांचं डोकं दुखायचं. केमिस्ट माणसाला वासाचा त्रास व्हावा, हे हलवायाला गोडाचा वीट यावा तसं झालं. पण साहेबांना साहेब म्हणायचं असल्यामुळे ती बाटली कपाटाच्या तळाशी पडून असे आणि टेबलावर राज्य असे हायड्रोक्लोरिकचं.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वाशीला इमारती उभ्या राहिल्या होत्या, नळ आले होते, पण खाडीकडच्या गावांत अजून विहिरीच होत्या. त्या विहिरींत ब्लीचिंग पावडर टाकायचं काम एका खाजगी ठेकेदाराकडे होतं आणि त्याच ठेकेदाराच्या पत्र्याच्या शेडमधल्या प्रयोगशाळेत मी बी.एस्सी. होऊन नुकतीच लागले होते. मी तिथली एकटीच बाई, त्यामुळे साहेब मला ‘बाई’ म्हणत, आणि तो शब्द ते असा उच्चारत की त्यात शिक्षण, पदवी, पगार सगळं पुसून जावं.

साहेब पूर्वी एका रंगाच्या कारखान्यात होते. तिथे त्यांनी काय केलं हे कुणालाच माहीत नव्हतं, पण ते रोज सांगायचे मात्र. त्यांचा सगळ्यात मोठा अभिमान म्हणजे टायट्रेशन, थेंब थेंब मोजून करायची तपासणी. ‘ब्युरेट धरायला हात लागतो, बाई, पुस्तक नाही,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. उथळ पाण्याला खळखळाट फार, असं मी मनात म्हणे आणि फ्लास्क धुवायला जाई.

पावडर तपासायची पद्धत साधी आहे. वजन करून घेतलेली पावडर खलात पाणी घालून घोटायची, त्याचं दुधट पाणी करायचं आणि ते हलवून त्यातलं ठरावीक माप घ्यायचं. त्यात आधी पोटॅशियम आयोडाइड घालायचं, मग ॲसिड. पावडरीतल्या क्लोरीनमुळे आयोडीन मोकळं होतं, पाणी तांबूस-तपकिरी होतं. वरून ब्युरेटच्या खुणांच्या काचनळीतून हायपो, म्हणजे थायोसल्फेट, थेंब थेंब सोडायचं. रंग वाळल्या गवताच्या काडीसारखा फिकट पिवळा झाला की स्टार्च घालायचं. पाणी गडद निळं होतं. पुन्हा थेंब थेंब हायपो, आणि निळा रंग गेला की संपलं. हायपो किती लागलं त्यावरून पावडरीत कामाचा क्लोरीन किती ते कळतं.

साहेबांच्या फ्लास्कमध्ये मात्र निळा रंग जायचा आणि परत यायचा. पुन्हा हायपो घातलं की जायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा उगवायचा. साहेब याला कौशल्य समजत. नवशिके रंग गेला की लगेच थांबतात, म्हणायचे, आपण वाट बघायची, चिकाटी ठेवायची. मग ते टेबलावर बोटं वाजवत उभे राहायचे, रंग परत आला की खूश व्हायचे, आणखी हायपो सोडायचे. शेवटी जो आकडा यायचा तो नेहमी चांगला असायचा. कुठल्याही ड्रममधली पावडर असो, साहेबांच्या हातून ती उत्तीर्ण व्हायची.

त्या उन्हाळ्यात एका गावातल्या विहिरींच्या पाण्यात क्लोरीनचा पत्ताच लागेना. तपासणीचं औषध टाकल्यावर पाण्यात जो पिवळा रंग यायला हवा, तो येईना. आठवडाभर हेच. साहेबांनी गोदामातल्या ड्रममधली पावडर स्वतः तपासली. उत्तम. मग त्यांचं डोकं, जे आंबट वासाने दुखायचं पण विचाराने कधी दुखत नव्हतं, ते एका झटक्यात निकालाला पोचलं. पावडर चांगली आहे, विहिरीत क्लोरीन नाही. म्हणजे मधला माणूस पावडर चोरतोय.

मधला माणूस त्याच गावचा होता. त्याच्या घरची जमीन नव्या शहरात गेली होती आणि त्या बदल्यात ही नोकरी मिळाली होती. रोज संध्याकाळी बादलीत पावडर कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचं नितळ पाणी विहिरीत सोडायचं, एवढं त्याचं काम. तो बोलायला कमी आणि कामाला वक्तशीर होता. साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं आणि पावडर कुठल्या लाँड्रीवाल्याला विकतोस, असं विचारलं. तो म्हणाला, सगळी विहिरीतच टाकतो. साहेब हसले. ते हसणं मला आजही आठवतं आणि आजही तोंडावर एक चपराक द्यावीशी वाटते.

त्याला घरी बसवलं. ठेकेदाराचा मॅनेजर बाहेरगावी होता. तो परतला की नोकरीचा निकाल लावायचा होता. निकाल काय लागणार ते सगळ्यांना दिसत होतं. गावात मात्र निकाल आधीच लागला होता. त्याची आई विहिरीवर गेली की बायका घागरी बाजूला घेत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी तोवर फक्त म्हण म्हणून ऐकलं होतं.

मला त्या परत येणाऱ्या निळ्या रंगाने छळायला सुरुवात केली. कॉलेजात असताना आमच्या बाईंनी ब्लीचिंग पावडरला ॲसेटिक ॲसिडच का, हे शिकवलं होतं. पावडर उन्हात, दमट हवेत पडून राहिली की तिच्यातला कामाचा भाग हळूहळू क्लोरेट होतो. क्लोरेट पाण्यातले जंतू मारत नाही. पण हायड्रोक्लोरिकसारख्या तीव्र ॲसिडमध्ये तोही आयोडीन मोकळं करतो, जरा सावकाश. सौम्य ॲसेटिकमध्ये मात्र तो गप्प बसतो. म्हणजे साहेबांची चिकाटी म्हणजे मेलेल्या पावडरीला जिवंत ठरवायची चिकाटी होती. रंग परत का येतो, हे वर्षानुवर्षं त्यांना दिसत होतं आणि एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

गोदाम म्हणजे खाडीच्या कडेची पत्र्याची शेड. उन्हात आत हात लावला तर पत्रा भाजायचा. ड्रमची झाकणं अर्धी उघडी. पावडर ढेकळं ढेकळं झालेली. मी त्यातली वर-खाली दोन्हीकडची पावडर घेतली, आणि नुकताच आलेला एक बंद ड्रम उघडून त्यातली वेगळी घेतली. कपाटातली बाटली काढली. साहेब जेवायला गेले होते, त्यामुळे आंबट वासाला हरकत घेणारं कुणी नव्हतं.

जुन्या पावडरीचं पाणी, आयोडाइड, ॲसेटिक. थोड्याशा हायपोत निळा रंग गेला. मी वाट पाहिली. परत आला नाही. आकडा साहेबांच्या आकड्याच्या निम्म्याहूनही खाली. ताज्या पावडरीत मात्र दोन्ही ॲसिडं जवळजवळ एकच उत्तर देत होती. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. आणि त्या आनंदात साहेबांचा तिरस्कार चांगला मुरलेला होता.

साहेब जेवून आले तेव्हा मी त्यांना सांगितलं. त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, ‘बाई, हे लोणचं घालायचं ॲसिड आहे. लोणचं घाला.’ मग ते बरेच काही बोलले, रंगाचा कारखाना दोनदा आला, माझं वय एकदा आलं. सुंभ जळतो पण पीळ जळत नाही. साहेबांचा तर सुंभही अजून जळायचा होता.

मॅनेजर आल्यावर मी सरळ त्याच्या केबिनमध्ये गेले. तो माणूस केमिस्ट्रीत शून्य, पण त्याला एक गोष्ट नीट कळायची, ती म्हणजे आपल्यावर काय शेकेल. गावात कुणी आजारी पडलं तर, एवढंच मी म्हटलं. तो उठून शेडमध्ये आला. मी त्याच्यासमोर जुन्या पावडरीचे दोन फ्लास्क मांडले, एक साहेबांचा, एक माझा. माझ्यातला निळा रंग गेला आणि गेलाच. साहेबांच्या फ्लास्कमध्ये तो गेला, आला, गेला, आला. साहेब बोटं वाजवायला विसरले. मॅनेजरने ताज्या पावडरीचेही दोन पाहिले. मग त्याने एवढंच विचारलं, की जो रंग परत येतो तो खऱ्या क्लोरीनचा असेल तर तो क्लोरीन विहिरीत का दिसत नाही. उत्तर नसलं की साहेब हवेबद्दल बोलत, तसे ते दमट हवेबद्दल बोलू लागले.

जुने ड्रम परत गेले, गोदामाला सावली आणि ड्रमांना झाकणं मिळाली. त्या माणसाला बोलावणं गेलं. साहेबांनी त्याला खुर्चीत बसून सांगितलं, ये कामावर, तुला माफ केलं. काय म्हणावं या माणसाला. ज्याने काही केलंच नाही त्याला माफी, आणि तीही ज्याने केलं त्याच्याकडून.

तो उभाच राहिला. म्हणाला, ‘कामावर येईन. पन माझ्या आईसमोर येऊन सांगा, मी चोर नाय.’

साहेबांनी हात झटकला. पण मॅनेजरला गावाशी भांडण नको होतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी साहेब जीपमध्ये बसले आणि विहिरीच्या पाण्याचे नमुने घ्यायला मी मागे बसले.

विहिरीपाशी बायका होत्या, म्हातारी होती, तिचा मुलगा होता. मी आधी पाणी तपासलं. मॅनेजरने पाठवलेल्या माणसाच्या हातून रोज नवी पावडर पडू लागून दोन-तीन दिवस झाले होते आणि पिवळा रंग स्वच्छ आला. साहेबांनी घसा साफ केला आणि थोडा गैरसमज झाला होता, असं म्हणाले. कुणाचा, कशाबद्दल, काही नाही. म्हातारी ऐकत होती. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि घागरी तिच्यापासून लांबच ठेवल्या. मला वाटलं, संपलं, हा माणूस एवढ्यावरच सुटणार.

म्हातारीने पोहरा ओढला, पितळेचा तांब्या भरला आणि साहेबांपुढे धरला. पाहुणा दारी आला की पाणी देतातच, त्यात काही वेगळं नव्हतं.

‘उन्हातून आलाव,’ ती म्हणाली. ‘पानी प्या.’

साहेबांनी तांब्याकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पाणी चांगलं आहे, आत्ताच तपासलं, असं मी त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. ते म्हणाले, नको, मी बाहेरचं पीत नाही. म्हातारीने तांब्या मागे घेतला नाही. तिचा हात स्थिर होता आणि बायका आता सगळ्या बघत होत्या. आकडे काढून ज्या विहिरीच्या पावडरीला त्यांनी उत्तम ठरवलं होतं, त्या विहिरीचा एक घोट त्यांच्या घशाखाली जाईना.

‘तुमचा मुलगा चोर नाही,’ ते एकदम म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. ‘त्याने काही चोरलेलं नाही. चूक आमची होती.’ आणि तांब्याला हात न लावता झपाझप जीपकडे चालू लागले.

खरं बोलायला त्यांना लाज भाग पाडू शकली नाही, जुलाबाच्या भीतीने पाडलं. म्हातारीने तांब्या मुलाच्या हातात दिला. तो तिथेच, सगळ्यांच्या देखत, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.