फोन फक्त गोजरामावशीचं ऐकतो

गोटीरामशेठ आमचे मालक. म्हणजे इमारतीचे. करंजाड्यात त्यांची तीन मजली इमारत आहे, तळमजल्यावर माझं मोबाइलचं दुकान, आणि दुकानाच्या मागच्या भिंतीला लागूनच त्यांचं स्वयंपाकघर. मधे एक खिडकी आहे, तिला काच नाही. त्यामुळे मालकांच्या घरात आज कुठली भाजी आहे, कोणाला ताप आहे आणि कोण कोणावर ओरडतंय हे मला फुकटात कळतं.

ओरडणारे एकच. गोटीरामशेठ.

गोजरामावशी त्यांची बायको. वय सासष्ट. नवऱ्याची जमीन सरकारने घेतली, बदल्यात प्लॉट आले, इमारत उभी राहिली, गळ्यात सोन्याची साखळी आली, पण मावशीने मासे विकायचं सोडलं नाही. "घरी बसून काय करू? तुमची तोंडं बघू?" असं ती म्हणत नाही हं. असं ती मनात म्हणत असणार. घरात मावशी बोलते ती इतकी हळू, की खिडकीपाशी उभा असूनही मला अर्धं कळत नाही. "चहा ठेवू?" आणि "बरं." एवढी दोन वाक्यं मी दहा वर्षांत स्वच्छ ऐकलेली आहेत.

आता हीच बाई कोपऱ्यावरच्या मासळी बाजारात बघा. "ए दादा, पापलेट बघून पुढं जातोस, लाज नाय वाटत?" असा आवाज येतो की रस्त्यावरचा रिक्षावाला ब्रेक मारतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं दुसरीच कोणी बाई आहे. जवळ जाऊन बघतो तर आपलीच मावशी, हातात कोयती, समोर सुरमई.

तर एके दिवशी मावशी दुकानात आली. बरोबर गोटीरामशेठ. मावशी एकटी कुठे गेली की शेठना काळजी वाटते. बाजारात पहाटे एकटी जाते तेव्हा मात्र वाटत नाही, कारण तेव्हा ते झोपलेले असतात.

"अब्दुल्ला, हा फोन माझं ऐकत नाय," मावशी पुटपुटली.

"त्याचं डोकं गरम झालंय," शेठ म्हणाले. "हरेशनं चांगला सेट करून दिलता."

हरेश म्हणजे मुलगा. त्याने आपला जुना फोन आईला दिला, वर उपकार म्हणून आवाजावर चालणारी सोय पण सुरू करून दिली. मी सेटिंग उघडून बघितली. वा! मावशीला लिहिता-वाचता येत नाही, आणि सोयीची भाषा इंग्रजी. वर आवाज शिकवताना फोन "बोला" म्हणाला तेव्हा आईला कशाला त्रास, म्हणून हरेशने स्वतःच बोलून टाकलं होतं. फोन आईचा, ओळख लेकाची. पोरगं मातृभक्त आहे, यात वाद नाही.

मी मावशीला नीट समजावलं. फोन जागा करायची एक ठरलेली हाक असते. ती कंपनीची, इंग्रजी, ती बदलत नाही. पण त्यापुढचं सगळं मराठीत करता येतं. आणि हाक कोणाची ओळखायची, ते शिकवावं लागतं. जुना आवाज काढू, भाषा मराठी करू, मग तू तीच हाक चार-पाच वेळा मारायची.

"नायतर मधलं माइकचं चित्र दाबायचं," मी म्हणालो, "मग हाक नको आणि ओळख पण नको. कोणीही बोललं तरी ऐकतो."

"दाबू कशानं?" मावशीने हात पुढे केले. खरंच की. बाजारात हात ओले, वर खवले. ओल्या बोटांना तो पडदा दाद देत नाही.

भाषा मराठी केली. हरेशचा आवाज पुसला. फोन म्हणाला, बोला. मावशी तोंड उघडणार, एवढ्यात शेजारून गडगडाट झाला. शेठनी हाक मारली होती.

"शेठ, तुमाला नाय सांगितलं."

"अरे, ती घाबरते. मी बोललो काय न ती बोलली काय, एकच!"

चाळीस वर्षं या घरात हेच चाललंय. डॉक्टरने मावशीला विचारलं कुठे दुखतंय, तर शेठ सांगतात. मी सगळं परत पुसलं आणि शेठना तोंडावर बोट ठेवायला लावलं. मालकाला गप्प बसवायची संधी भाडेकरूला रोज येत नाही, मी पुरती साजरी केली. मावशीने मग नवऱ्यासमोर, मान खाली घालून, हाक मारली. कुजबुजतच. फोनने कशीबशी घेतली.

जाताना मावशी मागे रेंगाळली. शेठ पायऱ्या उतरले तशी हळूच म्हणाली, "एक नंबर घाल. नाव टाक, बर्फवाला."

नंबर तिला तोंडपाठ होता. मी घातला, आणि ओळखला, कारण त्याचा रिचार्ज कितीदा मीच मारला होता. भाविकाचा.

भाविका ही त्यांची मुलगी. तीन वर्षांपूर्वी तिने वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूशी लग्न केलं. पोरगा साताऱ्याकडचा, तळोज्याला कारखान्यात नोकरी, व्यसन सुपारीचंही नाही. दोन वर्षं त्याचं भाडं चालत होतं, तो जावई मात्र चालला नाही. शेठनी घरात तिचं नाव घ्यायची बंदी घातली. नंबर पुसला, फोटो उतरवले. तेव्हापासून मावशी लेकीशी बोलायची ती बाजारात, शेजारच्या सुंदराबाईच्या फोनवरून, तीही सुंदराबाईला वेळ असेल तेव्हा. आणि आता भाविकाला सातवा महिना होता.

"रोज इचारावं वाटतं रे, जेवली का म्हनून," मावशी म्हणाली आणि तिचे डोळे भरले. मी उगाच चार्जर मोजायला लागलो.

दोन दिवसांनी मावशी परत आली. या वेळी एकटी आणि चिडलेली. "बाजारात हाक मारून मारून घसा बसला. ढिम्म हालत नाय! घरात मारली तर उठतो."

मला लगेच कळलं. आम्ही त्याला घरातली मावशी शिकवली होती. ती भित्री, पुटपुटणारी. बाजारातल्या बाईशी त्याची ओळखच नव्हती. बिचारा फोन, त्याला काय माहीत या घरात एका बाईत दोन बायका राहतात!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः बाजारात गेलो. कोपऱ्यातली जरा शांत जागा धरली आणि जुना आवाज पुसला. "मावशी, आता गिऱ्हाइकाशी बोलतेस तशी हाक मार."

तिने मारली. पहिल्या हाकेला दोन मांजरं पळाली. पण फोनने पाचही हाका मुकाट घेतल्या. मग मी तो तिच्या पाटीशेजारी ठेवला. मावशीने सुरमई कापता कापता हाक दिली, आणि फोनमधली बाई शुद्ध मराठीत बोलली. सुंदराबाईने मारून बघितली. गप्प. मी मारली. गप्प.

"फक्त माझं ऐकतो?" मावशीने विचारलं.

"फक्त तुझं. एकदम मिळताजुळता आवाज असेल, नायतर कोणी तुझा आवाज रेकॉर्ड करून वाजवला, तर फसू शकतो. म्हणून बँकेचं काय त्याच्या भरवशावर ठेवू नको. बाकी तूच त्याची मालकीण."

मावशी हातातली कोयती बाजूला ठेवून फोनकडे बघत राहिली. "सासष्ट वर्षांत पयलाच," ती म्हणाली.

मग तिने मला थांबवलं. "तो बर्फवाला काढ. भाविका लिव."

"मावशी, आता हा तुझ्या मोठ्या आवाजालाच उठणार. घरात तशी हाक मारलीस तर आख्खी इमारत ऐकेल. त्यापेक्षा हात कोरडे कर, माइकचं चित्र दाब आणि हळू बोल. काम होतंय."

"हळू बोलून तीन वर्षं गेली. लिव."

मी लिहिलं. खोटं कशाला बोलू, लिहिताना मला माझं दुकान डोळ्यांसमोर दिसत होतं, शटर खाली ओढलेलं.

त्याच संध्याकाळी मी दुकानात एका फोनची काच बसवत होतो. खिडकीतून भाकरी थापायचा आवाज येत होता. शेठ स्वयंपाकघरातच खुर्ची टाकून बसले होते, भाकरी तव्यावरून थेट ताटात पडायला हवी ना. आणि अचानक बाजारातला तो आवाज घरात शिरला. माझ्या हातातली काच निसटली.

आधी ती हाक. मग: "भाविकाला फोन लाव!"

फोनमधल्या बाईने अगदी अदबीने सांगितलं, भाविकाला कॉल करत आहे. तीन वर्षांत त्या घरात ते नाव पहिल्यांदा कोणी उच्चारलं असेल तर त्या बाईने आणि मावशीने. शेठ एकीवर ओरडू शकले असते, दोघींवर काय ओरडणार?

"आई?" स्पीकरवर भाविका घाबरली. "बाबा नायत घरात?"

"हायत ना. समोरच बसलेत. तू जेवलीस का ते सांग."

मी शटरकडे बघितलं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. शेठ पुढच्या दाराने बाहेर आले आणि माझ्या काउंटरसमोर उभे राहिले. आता दुकान खाली करायला सांगणार, म्हटलं. तर ते बराच वेळ मोबाइलची कव्हरं बघत बसले. आतून पायाची सूज, डोहाळे, डॉक्टरीणबाई, सगळं ऐकू येत होतं. शेवटी म्हणाले, "हे निळं कव्हर कसं?" त्यांच्याकडे अजून बटणांचा फोन आहे.

चार दिवस असेच गेले. रोज संध्याकाळी मावशीची हाक, रोज शेठना माझी कव्हरं बघायची आवड. पाचव्या दिवशी दुपारी, मावशी झोपलेली असताना, ते तिचा फोन घेऊन आले. दारात उभं राहून त्यांनी स्वतः हाक मारली. परत मारली. फोन मुका.

"बिघडला काय रे?"

"नाय शेठ. तुमाला ओळखत नाय."

"मग माझा पन आवाज घाल त्यात."

"या फोनमधे एकच बसतो."

शेठ फोन उलटसुलट करत राहिले. "सातवा लागलाय ना तिला?" त्यांनी फोनलाच विचारलं. माइकचं चित्र त्यांच्या अंगठ्याजवळच होतं. दाबलं असतं तर फोनने त्यांचंही ऐकलं असतं. पण मी का सांगू? दहा वर्षांत एकदा तरी माझ्या मोरीची गळती दुरुस्त केली का त्यांनी?

"मावशीला सांगा," मी म्हणालो, "ती लावून देईल."

संध्याकाळी मी खिडकीखाली स्टूल घेऊन बसलो. लाज कसली, दुकान माझंच आहे. आत भाकरी थापणं चालू होतं. बऱ्याच वेळाने शेठचा आवाज आला, पण तो शेठचा वाटेना. पुटपुटल्यासारखा.

"गोजरा. तिला लाव ना."

थापणं थांबलं. "कोनाला?"

मग अगदी हळू, "भाविकाला."

आणि मावशी, बाजारातल्या आवाजात म्हणाली, "मोठ्यानं बोला. ऐकाया येत नाय."