पट्टा फुगवण्याआधी

"इंजेक्शन झालंय, फाइलवर टिक आहे," असं वॉर्डातली सिस्टर आमच्या मावशींना ऑपरेशन थिएटरच्या, म्हणजे ओटीच्या, दारातच सांगून गेली. मी आत निर्जंतुक कपड्यांचा ड्रम उघडत होते. ऐकलं, आणि फाइल ओढून घेतली.

भोसरीतलं ते छोटं हॉस्पिटल म्हणजे माझी पहिली नोकरी. खिडकीखालच्या वर्कशॉपमधला ग्राइंडरचा आवाज, दोन ऑपरेशनांच्या मधे उभ्यानेच खाल्लेले गार पोहे, सगळं अजून आठवतं. मी फारशी बोलायची नाही, म्हणून आमच्या इन्चार्ज सिस्टर मला चिडवायच्या, "अगं कॉन्व्हेंटवाली, मास्क लावलाय, कुलूप नाही!" पण शिकवलं सगळं त्यांनीच. ब्लेडने केस काढायचे नाहीत, बारीक ओरखड्यांत जंतू बसतात; लागलेच तर क्लिपरने. दार उगाच उघडायचं नाही. भारी औषधाचा हट्ट नको, त्वचेवरच्या जंतूंना सेफॅझोलिनसारखं साधं अँटिबायोटिक पुरतं. ते चीर देण्याआधीच्या तासाभरात गेलं पाहिजे.

त्या दिवशी त्या रजेवर होत्या.

टेबलावर निघोज्याचे एक काका होते. शिफ्टहून येताना दुचाकी घसरून नडगी मोडलेली, आज प्लेट बसायची होती. कमरेत भूल दिलेली, त्यामुळे जागे होते. मला म्हणाले, "पोरी, एकदाच व्हईल न्हवं समदं? कंपनीत उभ्यानंच काम हाय माझं."

"हो काका," मी म्हटलं आणि फाइल उघडली. सेफॅझोलिन, दोन ग्रॅम, नऊ वाजून दहा मिनिटं. घड्याळात पावणेबारा.

काय झालं असेल ते कळलं. "पेशंट तयार ठेवा" असा फोन गेला की वॉर्डात इंजेक्शन देऊन टाकायची पद्धत होती. वाटायचं, तेवढंच ओटीचं काम हलकं. पण आधीचं ऑपरेशन लांबलं होतं. रक्तातलं औषध आता बरंच उतरलेलं असणार. त्यात मांडीचा पट्टा फुगवला की पायात रक्तच जाणार नाही, मग नंतर दिलेलं औषध तिथे पोचणार कसं? प्लेटवर जंतू चिकटले की औषधाला दाद देत नाहीत. पुन्हा पाय उघडा, कदाचित प्लेटच काढा. काकांचं 'एकदाच' तिथेच संपलं.

भुलीचे डॉक्टर सलाइन बघत होते. सर्जन हात वर धरून आत आले. "आधीच उशीर झालाय राव, आता कुणी काही काढू नका. फुगवा पट्टा!"

पट्ट्याचं मशीन माझ्याच हाताशी होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी बटणावरून हात काढला.

"सर, आत्ता नको. इंजेक्शनला अडीच तास होऊन गेलेत. आधी पुन्हा एक डोस जाऊ दे, मग फुगवते."