ताप उतरला, नाडी चढली

परळच्या इस्पितळात राधाबाईंना टायफॉइडने आणून टाकलं त्याला तिसरा आठवडा लागला होता. बाई वरळी कोळीवाड्यातल्या, आवाज भाऊच्या धक्क्यावर कमावलेला. दूध आणि भाताची पेज यापलीकडे काही मिळत नव्हतं. थर्मामीटर तोंडातून काढला की त्या गर्जायच्या, "मासळी मिळालीच पाहिजे!" आणि सगळा वॉर्ड अंथरुणातूनच ओरडायचा, "मिळालीच पाहिजे!" बाहेर रस्त्यावर मोर्चे संयुक्त महाराष्ट्र मागत होते, आत राधाबाई पापलेट.

रात्रपाळीला कौसल्या होती. वरळीच्या बीडीडी चाळीतली, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची. गेल्याच आठवड्यात एका बाईची नाडी चुकीची मोजून तिने कालिंदी सिस्टरांची बोलणी खाल्ली होती. तेव्हापासून राधाबाई तिला चिडवायच्या, "काय गो, आज बोटं मोजून आलीस ना?"

त्या रात्री मात्र वॉर्डात आनंदीआनंद होता. संध्याकाळी एकशे दोनवर असलेला ताप अठ्ठ्याण्णवावर आला होता. राधाबाईंचा मुलगा जगन कोळीवाड्याच्या गोलफादेवीला नारळ फोडून आला होता. घोषणा देऊन देऊन त्याचा घसा बसलेला, व्हरांड्यातून घोगऱ्या आवाजात म्हणाला, "नर्सबाई, आईला एवढा प्रसाद द्या."

खोबऱ्याचा तुकडा हातात घेऊन कौसल्या पलंगाशी गेली. थर्मामीटर लावला, काढला. गर्जना झाली नाही.

"मावशी, आज मासळी नको?"

"पाणी दे गं बाय," त्या हळूच म्हणाल्या. 'गं बाय'! इतकं गोड बोलणं ऐकून कौसल्या खाली वाकली. बाई सारख्या कुशी बदलत होत्या. कपाळावर घाम, तोही गार. पावलंही गार. तिने मनगटावर तीन बोटं ठेवली. टायफॉइडमध्ये ताप चढला तरी नाडी मागे रेंगाळते. संध्याकाळी ती ब्याऐंशीच होती. आता एकशे चौदा, आणि बोटाखाली दोऱ्यासारखी बारीक. आपलंच चुकलं असेल म्हणून तिने दुसरा हात धरला, पूर्ण मिनिट मोजली. एकशे सोळा.

ती धावत कालिंदी सिस्टरांकडे गेली. "सिस्टर, ताप उतरला पण नाडी चढलीय."

"ताप उतरला ना? मग झोपू दे तिला, आणि तूही जरा शांत हो."

"बरं होताना उतरलेला ताप नाडीलाही खाली आणतो. ही उलटी चाललीय. आतून रक्त जात असेल."

"शौचाला काळं झालं?"

"नाही अजून. ते दिसायला वेळ लागेल. डॉक्टरांना बोलवा. चुकले तर माझं नाव सांगा."

सिस्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मग स्वतः जाऊन नाडी धरली. अर्ध्या मिनिटात टेलिफोनकडे वळल्या. "नाव कशाला सांगू? मीच बोलावतेय."

कौसल्येने व्हरांड्यात येऊन प्रसाद जगनला परत दिला. "आता तोंडाने काही नाही. पाणीसुद्धा नाही."

जगन चिडला. "तुम्ही लोकांनी देव सोडले, म्हणून आमच्या देवीचा प्रसाद अडवता काय?"

"दीक्षा घेतली तेव्हा आमच्या घरी सोडले. पण तुमच्या आईच्या आतड्यातून रक्त जातंय बहुतेक, जगनदादा. देवीचा अंगारा आणला असेल तर त्यांच्या कपाळाला लावा, तो चालेल. खोबरं देवी सांभाळून ठेवील. आणि जाऊ नका, रक्त लागेल."

डॉक्टर डोळे चोळत आले. ब्लडप्रेशर किंचितच उतरलं होतं. पोट दाबून पाहिलं. मऊ होतं, म्हणजे आतडं फुटलेलं नव्हतं. मग त्यांनी तापाच्या तक्त्यावर बोट फिरवलं. तापाची रेघ खाली, नाडीची वर, मधे फुली.

"रक्तस्राव," ते म्हणाले. पलंगाच्या पायथ्याखाली लाकडी ठोकळे गेले, सलाइन लागलं, गट तपासायला रक्त गेलं. राधाबाईंना हलवायचं नाही, उठवायचं नाही. कौसल्या ओल्या कापसाने त्यांचे ओठ टिपत उशाशी बसून राहिली, दर पंधरा मिनिटांनी नाडी धरत.

पहाटे काळं डांबरासारखं शौच झालं. तोवर रक्ताची बाटली निम्मी उतरली होती. दुसरी जगनच्या दंडातून निघाली. बाटली बघून तो पुटपुटला, "आईलाच परत चाललंय म्हणा की." कौसल्येला चहा त्यानेच आणून दिला, दोन वेळा साखर घालून.

उजाडता उजाडता पावलं ऊबदार झाली. कौसल्येने मनगट धरलं. नाडी आता भरलेली, सावकाश. अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास... मोजणं चालूच होतं, तेवढ्यात उशीवरून खरखरीत आवाज आला.

"मासळी मिळालीच पाहिजे."

पलीकडच्या खाटेवरून कुणीतरी ओरडलं, "मिळालीच पाहिजे!" कौसल्येला हसू फुटलं आणि आकडा निसटला.

"मावशी! नाडी मोजताना बोलायचं नाही."

"चुकलीस ना परत?" राधाबाईंनी मनगट पुन्हा पुढे केलं. "मग मोज पहिल्यापासून. मी काय कुठे जात नाही."